शुगर असलेल्यांचा जखडलेला खांदा: कुठल्या टप्प्यात किती ताणायचं आणि सुटायला किती महिने लागतात

आधी एक साधी टेस्ट करून बघा. सरळ उभं राहा, दोन्ही कोपर कमरेला चिकटवा, कोपरात हात काटकोनात वाकवा म्हणजे दोन्ही पंजे समोर येतील, आणि आता कोपर न हलवता दोन्ही पंजे बाहेरच्या बाजूला उघडा. चांगला हात बराच बाहेर जाईल आणि दुखरा मध्येच अडकेल. मग घरातल्या कोणाला तरी सांगा की तो अडकलेला पंजा हळूच, अगदी हळूच बाहेर ढकलून बघ. दुसऱ्याने ढकलूनही तो तिथेच भिंतीला लागल्यासारखा थांबत असेल, वय ४० ते ६० च्या मधे असेल आणि शुगर असेल, तर फ्रोजन शोल्डरची शक्यता खूप जास्त आहे. तुम्हाला स्वतःला हात वर करता येत नाही पण दुसऱ्याने उचलला तर पूर्ण वर जातो, असं असेल तर प्रॉब्लेम बहुतेक स्नायूच्या दोरीचा म्हणजे रोटेटर कफचा असतो, तो वेगळा विषय आहे आणि त्याचे व्यायामही वेगळे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि शुगर असलेले खांद्याचे पेशंट रोज बघते. हे सगळं लिहायचं कारण म्हणजे माझ्याकडे येईपर्यंत बहुतेकांनी दोनपैकी एक चूक केलेली असते. एकतर दुखतंय म्हणून हात गळ्यात बांधून पूर्ण आराम दिलेला असतो, नाहीतर कोणीतरी सांगितलं म्हणून दात-ओठ खाऊन रोज खांदा ओढलेला असतो. दोन्हीने महिने वाया जातात, कारण खांदा कुठल्या टप्प्यात आहे हे न बघता व्यायाम केला की तोच व्यायाम एकाला औषध आणि दुसऱ्याला त्रास होतो.

आत नक्की काय होतं

खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ पिशवी असते, तिला कॅप्सूल म्हणतात. हात खाली असताना ही पिशवी काखेच्या बाजूला घडी पडलेल्या कापडासारखी सैल लोंबत असते, हात वर नेला की ती घडी उघडते. फ्रोजन शोल्डरमधे आधी या पिशवीच्या आतल्या अस्तराला सूज येते, मग पिशवी जाड होते, आकसते आणि ती घडी उघडेनाशी होते. पुढच्या बाजूचा भाग सगळ्यात जास्त आकसतो, म्हणून हात बाहेर फिरवणं सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त जातं, आणि म्हणूनच वरची टेस्ट एवढी उपयोगाची आहे. हाडाला काहीच झालेलं नसतं त्यामुळे एक्सरे नॉर्मल येतो. मग लोक म्हणतात "रिपोर्ट तर नॉर्मल आहे, मग एवढं दुखतंय कशाला". एक्सरे तरी काढायचाच, तो सांध्याची झीज किंवा निखळलेला खांदा वगैरे नाही ना हे बघण्यासाठी असतो, फ्रोजन शोल्डर दाखवण्यासाठी नाही.

शुगरचा संबंध असा की रक्तात साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की ती कोलॅजनला, म्हणजे ज्या धाग्यांची ही पिशवी विणलेली असते त्यांना जाऊन चिकटते, धागे एकमेकात अडकून कडक होतात आणि शरीराला ते मोडून नवीन करणं जड जातं. शुगर नसलेल्यांमधे हा आजार साधारण १०० पैकी २ ते ५ जणांना होतो, शुगर असलेल्यांमधे १० ते २० जणांना. त्यांच्यात दोन्ही खांद्यांना होण्याचं प्रमाण जास्त असतं, जखडण जास्त घट्ट असते आणि सुटायलाही जास्त वेळ लागतो. कधीकधी तर उलटं होतं, खांद्यासाठी आलेल्या माणसाला शुगर आहे हे खांद्यामुळे तपासणी केल्यावर कळतं. थायरॉइडचाही असाच संबंध आहे, म्हणून एचबीए१सी सोबत टीएसएच एकदा करून घ्या असं मी प्रत्येकाला सांगते.

पुढे जायच्या आधी एक गोष्ट, ही खरंच मनावर घ्या. शुगर असलेल्या माणसाला हार्ट अटॅक छातीत न दुखताही येऊ शकतो. खांदा किंवा हात दुखतोय पण खांदा हलवल्याने त्यात फरक पडत नाही, चालल्यावर किंवा जिना चढल्यावर वाढतं, घाम येतोय, दम लागतोय, मळमळतंय, तर तो खांदा नाही, लगेच हॉस्पिटलला जा. तसंच ताप, सांधा गरम लाल होणं, दोन दिवसात अचानक हात उचलता न येणं हे सांध्यातलं इन्फेक्शन असू शकतं आणि शुगरमधे त्याची वाट बघत बसायची नसते. फ्रोजन शोल्डर हळूहळू, आठवड्यांमधे जखडतो.

पहिला टप्पा: दुखणारा आणि आकसत जाणारा

हा साधारण २ ते ९ महिने चालतो. ओळखायची खूण म्हणजे रात्रीचं दुखणं. त्या कुशीवर झोपताच येत नाही, पहाटे ३ ला जाग येते, हात अचानक पुढे गेला किंवा झटका बसला की डोळ्यापुढे अंधारी येईल अशी कळ जाते आणि मिनिट-दोन मिनिटं राहते. हालचाल दर आठवड्याला थोडी थोडी कमी होत असते.

एका ताईंची केस शेवटपर्यंत सांगते, म्हणजे महिने कसे जातात ते कळेल. वय ५२, कॉम्प्युटरवर बसून हिशोबाचं काम, ९ वर्षांपासून शुगर, गोळ्यांवर, एचबीए१सी ८.६. उजवा खांदा दुखायला लागून ३ महिने झाले होते तेव्हा आल्या. त्याआधी तीन आठवडे त्यांच्या घरचे रोज संध्याकाळी त्यांचा हात धरून जोराने वर करत होते, "जोर लावल्याशिवाय सुटणार नाही" म्हणून. ताई म्हणाल्या, "मॅडम, व्यायाम सुरू केल्यापासून रात्रीची झोपच गेली हो." मोजलं तर हात समोरून वर ११० डिग्रीपर्यंत, बाहेर फिरवणं २० डिग्री, चांगल्या हाताचं ७० होतं. पाठीमागे अंगठा जेमतेम कमरेच्या बाजूच्या हाडापर्यंत, म्हणजे आतल्या कपड्यांचं मागचं हूक लावणं बंद.

पहिलं काम म्हणजे ती ओढाताण थांबवली. या टप्प्यात पिशवी सुजलेली असते, तिला जोराने ओढलं की सूज वाढते आणि सूज वाढली की पुढचा आकसही वाढतो. नेदरलँडमधे डिर्क्स आणि स्टीव्हन्स यांनी २००४ साली ७७ पेशंटवर हेच बघितलं होतं, एका गटाला दुखेल तिथपर्यंतचे सौम्य व्यायाम आणि दुसऱ्याला दुखण्याच्या पलीकडे ओढणारी फिजिओथेरपी. २ वर्षांनी सौम्य गटातले ८९ टक्के लोक जवळजवळ नॉर्मल झाले होते, जोरवाल्या गटातले ६३ टक्के. म्हणून पेशंटने किंवा घरच्यांनी "जरा जोर लावा ना मॅडम" म्हटलं तरी मी पहिल्या टप्प्यात लावत नाही.

मग करायचं काय, तर तीन गोष्टी, दिवसातून दोन-तीनदा.

एक, लोलक. टेबलाला चांगल्या हाताने टेकून पुढे वाका, दुखरा हात दोरीसारखा सैल सोडा आणि शरीर हलवून हात पुढे-मागे, मग छोटे गोल, एक-दीड मिनिट. हात स्वतः फिरवायचा नाही, तो लोंबकळत फिरला पाहिजे, लोक इथेच चुकतात आणि खांद्याचे स्नायू घट्ट करून हात फिरवत बसतात.

दोन, टेबलावर हात सरकवणं. खुर्चीत बसा, टेबलावर टॉवेल, त्यावर पंजा, आणि कमरेतून पुढे वाकत टॉवेल सरकवा. हात आपोआप वर जातो पण वजन टेबलावर असतं. टोकाला गेल्यावर ५ सेकंदांपेक्षा जास्त थांबू नका, परत या, असं १० वेळा.

तीन, पाठीवर झोपून काठीने बाहेर फिरवणं. दुखऱ्या दंडाखाली घडी केलेला टॉवेल ठेवा, कोपर अंगाला चिकटलेलं, हात काटकोनात म्हणजे पंजा छताकडे. दोन्ही हातात काठी धरा आणि चांगल्या हाताने काठी ढकलून दुखरा पंजा बाहेरच्या बाजूला न्या. तो टॉवेल विसरू नका, त्याशिवाय दंड मागे पडतो आणि पुढच्या बाजूला कळ येते.

दुखणं किती चालेल, तर १० पैकी २-३ एवढंच, आणि व्यायाम संपल्यावर अर्ध्या तासात आधीसारखं व्हायला हवं. आणि खरा हिशोब रात्रीचा असतो. आजच्या व्यायामाने आजची रात्र कालच्यापेक्षा वाईट गेली तर उद्या अर्धंच करायचं, हा नियम मी वहीत लिहून देते, कारण व्यायाम करताना कोणालाच कळत नाही की जास्त झालंय.

झोपायचं कसं हेही महत्त्वाचं आहे. पाठीवर झोपलात तर कोपर आणि दंडाखाली उशी, म्हणजे कोपर खांद्याच्या खाली पडत नाही. चांगल्या कुशीवर झोपलात तर छातीशी मोठी उशी आणि दुखरा हात तिच्यावर. ताईंना रात्री चार वेळा जाग यायची, पहिल्या आठवड्यात एवढ्यानेच ती दोनदा यायला लागली.

शेक घेताना शुगरवाल्यांनी जरा जपून. ज्यांच्या नसांवर परिणाम झालाय त्यांना गरम किती आहे ते नीट कळत नाही आणि भाजतं, म्हणून टॉवेलमधे गुंडाळून १० ते १५ मिनिटंच, अंगाखाली शेकायची पिशवी ठेवून झोपायचं नाही, आणि शेकून झाल्यावर कातडी बघायची. दुखण्याच्या गोळ्याही मनाने महिनोनमहिने घेऊ नका, शुगरमधे किडनी आधीच जपायची असते, क्रिएटिनिन दाखवून डॉक्टरांना विचारूनच.

इंजेक्शन घ्यायचं का

हा प्रश्न सगळे विचारतात आणि शुगरवाले सगळ्यात जास्त घाबरतात. सांध्यात दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन सूज उतरवतं, दुखणं काही आठवडे ते दोन-तीन महिने कमी करतं आणि त्या काळात व्यायाम जमतो. पण फायदा पहिल्या टप्प्यातच, सूज असतानाच. पिशवी पूर्ण आकसून दुखणं थांबल्यावर घेतलेल्या इंजेक्शनने विशेष काही होत नाही. म्हणजे लोक "आधी सहा महिने बघू, नाहीच बरं वाटलं तर इंजेक्शन" असं ठरवतात तेव्हा त्याची वेळच निघून जाते.

शुगर वाढते हे खरं आहे. इंजेक्शननंतर पहिल्या दिवसापासूनच चढायला लागते आणि साधारण आठवड्याभरात उतरते. ताईंनी चौथ्या महिन्यात घेतलं. त्यांची उपाशीपोटीची शुगर एरवी १४० च्या आसपास असायची, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी २९० आली, तिसऱ्या दिवशी २४०, सहाव्या दिवशी पुन्हा १५०. घाबरल्या नाहीत कारण डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं आणि गोळीचं काय करायचं तेही ठरलं होतं. तुम्ही एवढंच करा, इंजेक्शन ठरलं की शुगरच्या डॉक्टरांना आधी कळवा, घरचं मशीन तयार ठेवा, आठवडाभर दिवसातून तीन-चार वेळा तपासा, आणि कितीच्या वर गेली तर फोन करायचा तो आकडा आधीच विचारून घ्या. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर हे विचारल्याशिवाय स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊच नये. एचबीए१सी खूपच जास्त असेल तर डॉक्टर आधी शुगर खाली आणायला सांगतील, ते ऐका.

इंजेक्शननंतर दोन दिवस फक्त लोलक, तिसऱ्या दिवसापासून बाकीचे व्यायाम. दुखणं गेलं म्हणून लगेच जोर लावायचा मोह होतो, ताईंनाही झाला, त्यांनी आठव्या दिवशी वरच्या कपाटातली सुटकेस ओढली आणि पुढचे चार दिवस वाया गेले.

दुसरा टप्पा: कमी दुखणारा पण घट्ट

इथे आलोय हे कळतं ते रात्रीवरून. झोप लागायला लागते, मधल्या हालचालीत दुखत नाही, फक्त टोकाला गेल्यावर दुखतं, पण हात मात्र अडकलेलाच. हा टप्पा ४ ते १२ महिने, शुगरमधे बऱ्याचदा लांबतो. ताईंचा साधारण सहाव्या महिन्यात सुरू झाला आणि त्यात सुरुवातीला आकडे आणखी खाली गेले होते, बाहेर फिरवणं १० डिग्री, वर ९५. दुखणं कमी होतंय आणि हालचालही कमी होतेय हे बघून त्या रडकुंडीला आल्या होत्या. पण हे असंच होतं. पहिला टप्पा संपताना जखडण सगळ्यात जास्त असते, त्याचा अर्थ व्यायाम चुकला असा नाही.

आता ताणायची पद्धत बदलते. थांबायचा वेळ वाढवायचा, ५ सेकंदांवरून १५ आणि मग ३० सेकंद, प्रत्येक ताण ४-५ वेळा, दिवसातून तीनदा. एकदाच तासभर करण्यापेक्षा दहा-दहा मिनिटं तीनदा केलेलं बरं, कारण कडक पिशवी एका ताणाने लांबत नाही, पुन्हा पुन्हा थोडा वेळ ताणात राहिली तर हळूहळू सैल होते. दुखणं १० पैकी ४-५ पर्यंत चालेल, रात्रीचा नियम तोच.

सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त बाहेर फिरवणं. काठीचा व्यायाम सुरू ठेवा, आणि त्यात दाराच्या चौकटीचा वाढवा. चौकटीशेजारी उभं राहा, कोपर अंगाला चिकटलेलं, कोपर आणि अंगाच्या मधे छोटी टॉवेलची गुंडाळी, पंजा चौकटीच्या कडेवर टेकवा, आणि आता हात न हलवता आपले पाय हळूहळू चौकटीपासून पलीकडे वळवा. अंग वळतं, पंजा तिथेच राहतो, म्हणून खांदा बाहेर फिरतो, आणि ताण किती ते पायांनी ठरवता येतं. लोक हात वर करायच्याच मागे लागतात कारण तो दिसतो, पण बाहेर फिरवणं अडलेलं असेल तर वर नेताना दंडाचं हाड वरच्या हाडाखाली अडकतं, म्हणून हे सुटलं की वर जाणंही सोपं होतं.

मग पाठीवर झोपून हात डोक्याकडे नेणं. चांगल्या हाताने दुखरं मनगट धरा आणि छताकडून डोक्यामागे न्या. झोपून करायचं कारण म्हणजे उभं राहून केलं की खांदा कानाकडे चढतो आणि कंबर मागे वाकते, हात वर गेल्यासारखा वाटतो पण सांधा तिथेच. आरशासमोर एकदा बघा, खांदा कानाला लागत असेल तर तो हात खोटा वर गेलेला आहे, आणि मान का दुखते याचं उत्तरही तेच.

मग छातीवरून आडवा, दुखरं कोपर चांगल्या हाताने धरून दुसऱ्या खांद्याकडे ओढायचं. पाठीमागे टॉवेलने वर ओढायचा व्यायाम मात्र मी या टप्प्याच्या शेवटी देते. तो सगळ्यांना माहीत असतो आणि सगळे पहिल्या दिवशी तोच करतात, पण पुढची बाजू घट्ट असताना त्याने खूप दुखतं आणि मिळत काही नाही.

फिजिओकडे आठवड्यातून एक-दोनदा गेलात तर तिथे हाताने सांधा सरकवून पिशवीचा कडक भाग ताणून देतात, जे घरी करता येत नाही. पण दिवसातून तीनदा घरी केल्याशिवाय त्याचा उपयोग टिकत नाही.

शुगरची एक गोष्ट इथे. गोळ्या किंवा इन्सुलिनमुळे शुगर खाली जाण्याची सवय असेल तर उपाशीपोटी व्यायाम करू नका. आणि दंडावर इन्सुलिन घेत असाल तर काही महिने पोटावर घ्या, कारण ज्या हाताने टोचायचं तोच पोचत नसेल तर सुई वेडीवाकडी लागते, आणि टोचलेल्या हाताने लगेच व्यायाम केला तर इन्सुलिन लवकर शोषलं जातं.

महिन्यातून एकदाच मोजा, रोज नको, रोज मोजलं की निराशाच येते. भिंतीकडे तोंड करून पायाची बोटं भिंतीला लावून उभं राहा, हात सरकवत वर न्या, पेन्सिलने खूण करा आणि तारीख लिहा. बाहेर फिरवण्यासाठी काठीच्या पोझिशनमधे झोपा आणि पायाकडून कोणाला तरी मोबाइलवर फोटो काढायला सांगा. पाठीमागे अंगठा कुठे लागतो ते लिहा, मांडी, कमरेचं हाड, पट्टा. ताईंच्या वहीत सातव्या महिन्यापासून तेराव्यापर्यंत बाहेर फिरवणं १०, १०, १५, १५, २०, २५, २५ असं आहे. सहा महिन्यांत १५ डिग्री. वाचायला काहीच वाटत नाही पण शर्टाच्या बाहीत हात घालायला कोणाची मदत लागायची ती याच काळात बंद झाली.

तिसरा टप्पा: सुटणारा

हा ६ महिन्यांपासून २ वर्षांपर्यंत चालतो. खूण अशी की महिन्याच्या मोजणीत आकडा उडी मारतो आणि ताणल्यानंतर मिळालेली हालचाल दुसऱ्या दिवशी टिकते. ताईंना चौदाव्या महिन्यात एकदम २५ चे ३५ झाले. आता टॉवेलचा व्यायाम सुरू. चांगल्या हातात टॉवेल डोक्यामागून सोडायचा, दुखऱ्या हाताने पाठीमागून खालचं टोक धरायचं, आणि वरच्या हाताने हळूहळू वर ओढायचं. आणि ताकदीचे व्यायाम आताच, आधी नाही. रबर बँड दाराला बांधून कोपर अंगाला चिकटवून आत-बाहेर, १० चे दोन सेट, एक दिवस आड. वर्षभर न वापरलेला खांदा बारीक झालेला असतो, आणि हालचाल आली पण ताकद नाही अशा वेळी पुन्हा दुखायला लागतं, मग लोकांना वाटतं की परत जखडला. त्याच खांद्याला हा आजार परत होणं फार क्वचित घडतं.

२४ व्या महिन्यात ताई अशा होत्या: वर १६५, बाहेर ६०, अंगठा कमरेच्या पट्ट्याच्या वर एक वीत. मागचं हूक लागतं पण पुढे लावून फिरवायची सवय राहिलीय. दुखणं शून्य.

तर एकूण किती दिवस

साधारणपणे १ ते ३ वर्षं. १९७५ साली रीव्ह्ज यांनी पेशंटना वर्षानुवर्षं बघून सरासरी ३० महिने असं लिहिलं होतं, आणि शुगर असलेल्यांनी मनात या १ ते ३ वर्षांतल्या लांबच्या बाजूचा हिशोब धरावा. "आपोआप बरा होतो" असं जे सांगतात ते अर्धंच खरं आहे, दुखणं बहुतेकांचं जातं पण थोडी जखडण अनेकांना राहते, आणि शुगरमधे ती राहण्याची शक्यता जास्त. ती बहुतेक पाठीमागे हात नेण्यात राहते, रोजच्या कामाला आडवी येत नाही.

सहा-आठ महिने नीट व्यायाम आणि वेळेवर इंजेक्शन होऊनही मोजणी हलतच नसेल आणि काम अडत असेल तर पुढचे पर्याय ऑर्थोपेडिक सर्जनशी बोला. सलाइन भरून पिशवी फुगवणं, भूल देऊन हात हलवून सोडवणं, दुर्बिणीतून पिशवी कापून मोकळी करणं. ब्रिटनमधे ५०३ पेशंटवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, तो २०२० मधे छापून आला, इंजेक्शनसोबतची फिजिओथेरपी, भूल देऊन हलवणं आणि दुर्बिणीचं ऑपरेशन या तिन्हींची तुलना केली आणि वर्षाच्या शेवटी पेशंटला जाणवेल असा कोणीच ठळक पुढे नव्हता. म्हणून ऑपरेशनची घाई नको. भूल देऊन हलवताना हाड मोडण्याचा धोका थोडा का होईना असतो आणि शुगरमधे नंतर परत आखडण्याचं प्रमाण जास्त, त्यामुळे ते करायचं ठरलं तर दुसऱ्याच दिवसापासून व्यायामाला वेळ काढता येईल अशाच वेळी करा.

आणि दुसऱ्या खांद्यावर लक्ष ठेवा. ताईंचा डावा खांदा सतराव्या महिन्यात दुखायला लागला. यावेळी त्यांनी आठवड्याभरात फोन केला, "मॅडम, तसंच रात्रीचं दुखणं आहे." तोपर्यंत एचबीए१सी ७.२ वर आलं होतं, सहाव्या आठवड्यात इंजेक्शन झालं, ओढाताण एक दिवसही झाली नाही. डावा बाहेर फिरवणं ४० च्या खाली कधी गेलंच नाही आणि उजव्याच्या २४ व्या महिन्यात, म्हणजे डाव्याच्या सातव्या, ५५ वर होतं. दर महिन्याला भिंतीवर एका हाताची खूण करता तेव्हा दुसऱ्याचीही करा, आणि ती दोन बोटं जरी खाली आली तरी फोटो काढून ठेवा आणि दाखवायला जा.